पन्नास रुपयांची जागा घेणारे दोन आकडे: मक्तेदाराची किंमत आणि बुडालेला फायदा

९ मार्च २०१२ रोजी मुंबईतून पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांचा एक आदेश निघाला. बायर या जर्मन कंपनीच्या ‘नेक्साव्हर’ या औषधाचे पेटंट भारतात २००८ पासून लागू होते. औषधाचे मूळ नाव सोराफेनिब. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये ते देतात. त्याने आजार जात नाही, पण आयुष्य काही महिन्यांनी वाढू शकते. महिनाभराच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नाटको कंपनीने तेच औषध ८,८०० रुपयांत देण्याची तयारी दाखवली होती. कुरियन यांनी नाटकोला सक्तीचा परवाना दिला आणि विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी बायरला द्यावी असे ठरवले. भारतातला हा असा पहिला परवाना.

एका किमतीत दुसरी सुमारे बत्तीस वेळा मावते. एवढी तफावत पाहून माणसाचा पहिला उद्गार असतो, ‘ही तर लूट!’ लगेच दुसरी बाजू सांगते की संशोधनाला अफाट खर्च येतो, किंमत त्यामुळेच चढी असते. या दोन वाक्यांत वाद अडकून पडतो. मक्तेदार किंमत प्रत्यक्षात कशी ठरवतो आणि त्या किमतीपायी समाजाचे नेमके किती बुडते, हे मात्र दोघेही सांगत नाहीत. अर्थशास्त्रात या दोन्ही प्रश्नांचे उत्तर कागद-पेन्सिलीने काढता येते, आणि बारावीपर्यंतचे गणित त्याला पुरते. तो हिशेब इथे मांडतो. बायरच्या आतल्या वह्या आपल्यासमोर नाहीत, म्हणून आधी मानलेल्या आकड्यांचे एक औषध घेऊ. खऱ्या प्रकरणाकडे नंतर वळू.

समजा, एका औषधाचे पेटंट एकाच कंपनीकडे आहे. महिन्याच्या कोर्सची किंमत एक लाख रुपये ठेवली तर कोणीच घेत नाही. त्याखाली किंमत शंभर रुपयांनी उतरली की एक रुग्ण वाढतो. नव्वद हजारांना १०० रुग्ण, ऐंशी हजारांना २००, असे. आलेखावर ही मागणी सरळ रेषा होते:

किंमत = १,००,००० − (१०० × रुग्णांची संख्या)

आणखी एका रुग्णाचा कोर्स तयार करून पोहोचवायला कंपनीला दर वेळी १०,००० रुपये लागतात. हा सीमांत खर्च. कारखाना आणि संशोधन यांवर आधीच झालेला खर्च यात धरलेला नाही. तो का धरायचा नाही, ते पुढे येईल.

आता कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या खुर्चीत बसा. सध्या ४४९ रुग्ण औषध घेतात, म्हणजे किंमत ५५,१०० आहे. आणखी एक रुग्ण हवा असेल तर किंमत ५५,००० करावी लागेल. नवा रुग्ण ५५,००० देईल, पण आधीच्या ४४९ जणांकडून प्रत्येकी शंभर रुपये कमी येतील, म्हणजे ४४,९०० रुपये हातचे जातील. हातात नवे पडले १०,१००. कोर्स बनवायला १०,००० लागले. शंभर रुपये सुटले, म्हणून हा ४५०वा रुग्ण कंपनीला परवडतो.

पुढच्या, ४५१व्या रुग्णाचाही असाच विचार करा. किंमत ५४,९०० होईल. त्याच्याकडून तेवढे आले, पण आधीच्या ४५० जणांचे मिळून ४५,००० गेले. उरले ९,९००, खर्च १०,०००. शंभर रुपयांचा घाटा. कंपनी इथे थांबते.

हा ४५१वा रुग्ण नीट पाहा. तो ५४,९०० रुपये मोजायला तयार आहे. त्याच्यासाठी लागणारी सामग्री, वीज, मजुरी आणि वाहतूक मिळून १०,०००च आहेत. तरी त्याला औषध मिळत नाही, कारण त्याला द्यायचे तर बाकीच्या सगळ्यांना शंभर रुपये सोडावे लागतात. स्पर्धेतला छोटा उत्पादक बाजारभाव आहे तसा स्वीकारतो, त्याच्या एका जास्तीच्या पुडीने भाव हलत नाही. मक्तेदाराने मात्र एक पुडी जास्त विकायची ठरवली की त्याच्या सगळ्याच पुड्यांचा भाव उतरतो. म्हणून जास्तीच्या विक्रीतून त्याच्या हाती पडणारी रक्कम, म्हणजे सीमांत प्राप्ती, किमतीपेक्षा नेहमी कमी राहते. मागणी सरळ रेषेत असेल तर सीमांत प्राप्तीची रेषाही त्याच बिंदूपासून निघते आणि दुप्पट उताराने खाली येते. ती जिथे सीमांत खर्चाला छेदते ते मक्तेदाराचे उत्पादन. आपल्या उदाहरणात ४५०. तिथून सरळ वर मागणीच्या रेषेपर्यंत गेले की किंमत सापडते, ५५,०००. विद्यार्थी इथे हमखास घसरतात. रेषा जिथे छेदतात तिथलीच किंमत वाचतात आणि १०,००० लिहून मोकळे होतात. छेदबिंदू फक्त नग सांगतो. किंमत गिऱ्हाईक किती द्यायला तयार आहे त्यावरून, म्हणजे वरच्या रेषेवरून घ्यायची असते.

सरळ रेषेच्या मागणीत एक सोपी खूणही आहे. मक्तेदाराची किंमत ही सीमांत खर्च आणि ज्या किमतीला शेवटचा ग्राहकही निघून जातो ती किंमत, या दोघांच्या बरोबर मध्ये पडते. दहा हजार आणि एक लाख यांचा मध्य पंचावन्न हजार. उत्तर बरोबर आले की नाही, हे या खुणेने एका नजरेत तपासता येते.

स्पर्धा असती तर किंमत उतरत उतरत खर्चाला, दहा हजारांना टेकली असती आणि ९०० रुग्णांना औषध मिळाले असते. म्हणजे मक्तेदार बरोबर निम्मे विकतो. मागणी सरळ आणि सीमांत खर्च एकसारखा असेल तर आकडे कुठलेही घ्या, हे निम्मे बदलत नाही.

आता बुडालेल्या फायद्याकडे येऊ. ९०० रुग्णांना दहा हजारांत औषध मिळाले असते तर प्रत्येकाचा काही फायदा झाला असता. एखादा ८०,००० द्यायला तयार होता आणि त्याला १०,०००त मिळाले, तर त्याचे ७०,००० वाचले. याला उपभोक्त्याचे संतोषाधिक्य म्हणतात. सगळ्यांचे संतोषाधिक्य एकत्र केले की आलेखावर मोठा त्रिकोण होतो, पाया ९०० रुग्ण आणि उंची ९०,००० रुपये. क्षेत्रफळ ४ कोटी ५ लाख.

मक्तेदारीत या रकमेचे तीन भाग होतात. ४५० रुग्ण पंचावन्न हजार देतात, त्यातले पंचेचाळीस हजार कंपनीचा नफा. एकूण २ कोटी २ लाख ५० हजार. ज्यांना औषध मिळाले त्यांच्याकडे अजून काही संतोषाधिक्य उरते, ४५० आणि ४५,००० यांच्या गुणाकाराचे निम्मे, म्हणजे १ कोटी १ लाख २५ हजार. उरलेला तिसरा भागही तेवढाच, १ कोटी १ लाख २५ हजार. तो रुग्णांनाही मिळाला नाही आणि कंपनीलाही नाही. ४५१व्या रुग्णापासून ९००व्या रुग्णापर्यंतचे जे लोक खर्चापेक्षा जास्त मोजायला तयार होते आणि तरी औषधाविना राहिले, त्यांचा हा न झालेला फायदा. अर्थशास्त्र यालाच डेडवेट लॉस म्हणते. निम्मे मक्तेदाराला, पाव ग्राहकाला, पाव पाण्यात. सरळ रेषेच्या मागणीचा वाटा हाच निघतो.

या पाव हिश्श्याची मोजदाद पहिल्यांदा मांडली ती जूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने, १८४४ साली. रस्ते आणि पूल हे त्याचे कामच होते. पुलावर टोल बसवला की काही लोक पूल ओलांडणेच सोडतात. टोलमधून जमलेला पैसा कोणाच्या तरी तिजोरीत जातो, पण जे आलेच नाहीत त्यांची गैरसोय कुठल्याच वहीत नोंदली जात नाही. त्याने ती मोजायची रीत काढली.

मोजताना एक चूक फार होते आणि ती सार्वजनिक वादातही दिसते. लोक कंपनीचा सगळा नफा समाजाचे नुकसान म्हणून धरतात. २ कोटी २ लाखांचा नफा रुग्णांच्या खिशातून कंपनीच्या खिशात गेला. तो अन्याय्य वाटू शकतो, कॅन्सरच्या रुग्णाच्या बाबतीत मला तो वाटतोही, पण ती रक्कम नाहीशी झालेली नाही. नाहीसा झालेला आहे तो त्रिकोण. न्यायाचा प्रश्न आणि नाशाचा प्रश्न वेगवेगळे ठेवले नाहीत तर दोन्हींची उत्तरे चुकतात. दुसरी चूक अशी की त्रिकोणाचा पाया पार हजाराव्या रुग्णापर्यंत, जिथे किंमत शून्य होते तिथपर्यंत नेतात. शेवटचे शंभर रुग्ण दहा हजारांपेक्षा कमीच देऊ शकतात, आणि औषध बनवायला दहा हजार खरोखर लागतात. त्यांच्यापर्यंत औषध पोहोचवायचे असेल तर ते सरकारने किंवा दात्याने द्यायला हवे. त्याचा दोष मक्तेदारीवर टाकता येत नाही.

संशोधनाच्या खर्चाचे काय? समजा, कंपनीने संशोधनावर दर वर्षाच्या हिशेबाने दोन कोटी घातले आहेत. आता ४५१व्या रुग्णाचा हिशेब पुन्हा मांडा. ५४,९०० आले, ४५,००० गेले, १०,००० लागले. दोन कोटी यात कुठेच आले नाहीत. ते शून्य असते तरी किंमत पंचावन्न हजारच राहिली असती. म्हणून ‘खर्च जास्त म्हणून किंमत जास्त’ हे विधान मक्तेदाराच्या बाबतीत टिकत नाही. किंमत ठरते ती घेणाऱ्याच्या देण्याच्या ताकदीवर आणि पुढच्या पुडीच्या खर्चावर. संशोधनाचा खर्च वेगळ्याच ठिकाणी निर्णायक असतो. तो तीन कोटी असता तर दोन कोटींच्या नफ्याची आशा पुरली नसती आणि कंपनीने ते औषध शोधायलाच घेतले नसते. पेटंट देताना समाज हा सौदा समजून-उमजून करतो: आज पाव हिस्सा बुडू दे, पण औषध जन्माला येऊ दे. सौद्यात तथ्य आहे. त्यामुळे वाद पेटंट असावे की नसावे यापेक्षा, नफा किती झाल्यावर आणि त्रिकोण किती मोठा झाल्यावर हात घालायचा, यावर व्हायला हवा.

आणि इथे हिशेबातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. कंपनीने पंचावन्नऐवजी पन्नास हजार किंमत ठेवली तर? ५०० रुग्ण घेतील, प्रत्येकी नफा चाळीस हजार, एकूण दोन कोटी. कंपनीचे गेले फक्त अडीच लाख, नफ्याच्या सव्वा टक्क्याएवढे. बुडालेला फायदा मात्र १ कोटी १ लाखांवरून ८० लाखांवर येतो, म्हणजे सव्वाएकवीस लाखांनी घटतो, आणि पन्नास जास्तीच्या रुग्णांना औषध मिळते. याचे कारण नफ्याच्या आलेखाच्या आकारात आहे. नफ्याचा डोंगर माथ्यावर सपाट असतो, माथ्यापासून दोन पावले सरकले तरी उंची फारशी कमी होत नाही. त्रिकोण मात्र किंमत जसजशी खर्चाजवळ येईल तसतसा झपाट्याने आक्रसतो. कंपनीला जे अगदी थोडे वाटते ते रुग्णांच्या बाजूला फार मोठे असते.

सरकारने कमाल किंमत ठरवली तर काय होईल, हेही याच हिशेबातून निघते. किंमत नियंत्रण आणले की माल बाजारातून गायब होतो, असे आपण ऐकत आलो आहोत. स्पर्धेच्या बाजारात ते पुष्कळदा खरेही ठरते. मक्तेदाराच्या बाबतीत मात्र उलटे घडू शकते. कमाल किंमत तीस हजार ठरली की ४५१व्या रुग्णाला विकताना आधीच्यांना सवलत देण्याचा प्रश्नच उरत नाही, सगळ्यांना तीस हजारच आहेत. म्हणून कंपनी ७०० रुग्णांपर्यंत आनंदाने विकते. नफा १ कोटी ४० लाख राहतो, बुडालेला फायदा २० लाखांवर येतो. किंमत उतरली आणि पुरवठा वाढला. अर्थात कमाल किंमत दहा हजारांच्या खाली नेली तर विक्री बंद पडते. शिवाय नियंत्रकाला सीमांत खर्च माहीत असावा लागतो, आणि तो आकडा कंपनी सहजासहजी हातात देत नाही.

नेक्साव्हरच्या प्रकरणात हा आकडा अवचित हाती आला. नाटको ८,८०० रुपयांना विकायला तयार होती आणि तीही धंदा म्हणूनच, म्हणजे पुढच्या कोर्सचा खर्च ८,८००च्या आतच असणार. तो वरच्या बाजूने ८,८०० धरू. आता मधल्या किमतीची खूण उलटी लावून पाहा. २,८०,४२८ ही किंमत जर ८,८०० आणि वरची कमाल यांच्या मध्यावर असेल, तर कमाल सुमारे साडेपाच लाख निघते. इथवर हिशेब पटण्यासारखा आहे. पण सरळ रेषा आणखी एक गोष्ट सांगते: मक्तेदार निम्म्या ग्राहकांना विकत असला पाहिजे. आदेशात मात्र नोंद आहे की बायरचे औषध पात्र रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांच्या थोड्या वर लोकांपर्यंत पोहोचत होते. निम्मे कुठे आणि दोन टक्के कुठे!

ही तफावत म्हणजे सरळ रेषा इथे मोडते याची खूण. भारतात महिन्याला अडीच-तीन लाख देऊ शकणारी कुटुंबे मोजकी, पन्नास हजार देऊ शकणारी त्याहून बरीच जास्त आणि आठ-नऊ हजार कशीबशी उभे करणारी कितीतरी जास्त. अशी मागणी वर खांबासारखी उभी असते आणि खाली येताना लांबवर पसरते. मक्तेदार वरच्या उभ्या भागात किंमत ठेवून मोकळा होतो आणि त्रिकोणाची शेपटी पसरत जाते. अशा देशात बुडालेला हिस्सा पावावर थांबत नाही. सरळ रेषेचे सूत्र तिथे लावले तर नुकसान कमी दाखवले जाते.

या तुलनेला दोन मर्यादा आहेत. बायरची मक्तेदारी तेव्हा पूर्ण नव्हती. सिप्ला हेच औषध सुमारे तीस हजारांना विकत होती, आणि बायरने तिच्यावर पेटंटभंगाचा खटला भरला होता. दुसरे म्हणजे पात्र रुग्ण हा डॉक्टरांचा आकडा आहे आणि मागणी हा खिशाचा. ८,८०० रुपयेही ज्याच्याकडे नाहीत, तो रुग्ण त्रिकोणात येतच नाही. डेडवेट लॉसची मोठी उणीव हीच. ज्याच्या हातात पैसा नाही त्याचे दुःख हे माप शून्य धरते. म्हणून त्रिकोणाचा आकडा नुकसानीची खालची मर्यादा समजावी, पूर्ण मोजमाप नव्हे. कुरियन यांच्या आदेशात दर वर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध फुकट द्यावे, अशी अट नाटकोला घातली होती. या अटीचा रोख नेमका त्रिकोणाबाहेर राहिलेल्या या माणसांकडे होता.

बायरने आपल्या बाजूने असा युक्तिवाद केला होता की गरजू रुग्णांसाठी आमची सवलतीची योजना आहे. हिशेबाच्या दृष्टीने तो मुद्दा पोकळ नाही. ज्याची जेवढी ऐपत त्याच्याकडून तेवढे घेता आले तर मक्तेदार ९००व्या रुग्णापर्यंत विकेल आणि बुडीत भाग उरणारच नाही. पण त्यासाठी योजना खरोखर तळापर्यंत पोहोचावी लागते, आणि दोन टक्क्यांचा आकडा ती पोहोचत नसल्याचेच सांगत होता. महानियंत्रकांनी ती योजना जाहीर किमतीला पर्याय म्हणून मान्य केली नाही. पुढे २०१३ मध्ये अपिलात रॉयल्टी ७ टक्के झाली, जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायरची याचिका ऐकायला नकार दिला.

पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर कोणीही असा परवाना मागू शकतो. पण मागणाऱ्याला त्रिकोणाचा पाया दाखवावा लागतो, म्हणजे किती रुग्णांना औषध हवे आहे आणि त्यांतल्या किती जणांना ते मिळत नाही. मधुमेहावरच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी ली फार्मा या कंपनीने अर्ज केला होता. गरज असलेल्या आणि औषधाविना राहिलेल्या रुग्णांचा आकडा तिला सिद्ध करता आला नाही, आणि जानेवारी २०१६ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला.